"तपासणी करण्यात येईल" ऐवजी "आम्ही तपासू"

प्रश्न: मी पुण्यात एका कार्यालयात लिपिक आहे. नागरिकांना जाणारी पत्रं मी तयार करते. लोक पत्र घेऊन खिडकीशी येतात आणि विचारतात, "मॅडम, यात नक्की काय करायला सांगितलंय?" माझंच पत्र मला पुन्हा तोंडी समजावून सांगावं लागतं. साधं लिहिलं तर साहेब म्हणतात, ही कार्यालयीन भाषा नाही. खाली एक नमुना देते. यात नेमकं काय आणि कसं बदलू?

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या नवीन नळजोडणी मिळणेबाबतच्या अर्जाची छाननी करण्यात आली असता, अर्जासोबत चालू आर्थिक वर्षाच्या मिळकतकर भरणा पावतीची प्रत जोडण्यात आली नसल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सदर त्रुटीची पूर्तता हे पत्र प्राप्त झाल्यापासून 15 दिवसांच्या आत करण्यात यावी, अन्यथा आपल्या अर्जावर पुढील कार्यवाही करणे शक्य होणार नसल्याची नोंद घेण्यात यावी. त्रुटीची पूर्तता झाल्यानंतर स्थळपाहणी करण्यात येऊन नळजोडणी मंजुरीबाबत निर्णय घेण्यात येईल."

उत्तर:

या उताऱ्यातली फक्त मुख्य क्रियापदं एका खाली एक लिहून काढा. येते, आले आहे, यावी, यावी, येईल. पाचही ठिकाणी 'येणे'. खरं तर या पत्रात बरंच काही घडलंय आणि घडायचं आहे: कोणीतरी अर्ज वाचला, एक कागद सापडला नाही, तो मागितला, मग कोणी जागा बघायला जाणार, कोणी मंजुरी देणार. ही सगळी कामं नामांत जाऊन बसली आहेत: छाननी, पूर्तता, कार्यवाही, स्थळपाहणी, मंजुरी, निर्णय. क्रियापदाच्या जागी उरलं ते 'येणे', आणि त्या 'येणे'ला स्वतःचा काहीच अर्थ नाही. खिडकीशी आलेला माणूस "काय करायचं" असं विचारतो, कारण करण्याचा शब्द त्याला पत्रात सापडत नाही.

असं वाक्य कसं तयार होतं ते एकदा उलगडून पाहिलं, की पुढचं काम सोपं होतं. एकच वाक्य पायरी-पायरीने चढवून दाखवते.

आम्ही अर्ज तपासू.
आम्ही अर्जाची तपासणी करू.
अर्जाची तपासणी करण्यात येईल.
अर्जाच्या तपासणीची कार्यवाही करण्यात येईल.
अर्जाच्या तपासणीची कार्यवाही करण्यात येणार असल्याचे कळविण्यात येते.

दुसऱ्या पायरीला 'तपासणे' या क्रियापदाचं 'तपासणी' हे नाम झालं. त्याबरोबर 'अर्ज'ला षष्ठी लागून 'अर्जाची' झालं आणि मोकळ्या जागी 'करणे' आणावं लागलं. इथवर फारसं बिघडलेलं नाही, कारण 'आम्ही' अजून वाक्यात आहे. तिसऱ्या पायरीला त्या 'करणे'चंही नाम झालं, 'करण्यात', आणि पुन्हा मोकळी झालेली जागा 'येणे'ने भरली. म्हणजे एका क्रियापदाला दोनदा नामाचं वेष्टन चढलं, आणि दुसऱ्या वेष्टनात 'आम्ही' गळून पडला. चौथ्या पायरीला 'कार्यवाही' आली. तिने अर्थात काहीच भर घातली नाही, एक 'ची' तेवढी वाढवली. पाचव्या पायरीला मुख्य वाक्य 'कळवणे' हे झालं आणि अर्ज तपासण्याची खरी गोष्ट पोटवाक्यात गेली.

उलटं उतरायचं ते याच क्रमाने. आधी 'कळविण्यात येते', मग 'कार्यवाही', मग 'ण्यात येणे', आणि सगळ्यात शेवटी 'तपासणी' सोडवून 'तपासणे' करायचं. हा क्रम मी मुद्दाम सांगते. नवखी माणसं एकदम शब्द सोपे करायला घेतात, 'छाननी'चं 'तपासणी' करतात आणि थांबतात. 'तपासणी करण्यात आली' हे 'छाननी करण्यात आली'पेक्षा जरासुद्धा पुढे सरकलेलं नसतं. अवघड शब्द हा वेगळा दोष आणि गुंडाळलेलं क्रियापद हा वेगळा. 'छाननी' ठेवूनही 'आम्ही अर्जाची छाननी केली' हे वाक्य चालतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रजी लेखनाच्या कार्यशाळेतून आलेले लोक सांगतात की कर्मणी प्रयोग टाळा. मराठीत तो नियम तसाच्या तसा लावू नका. 'आम्ही अर्ज तपासला' हा कर्मणी प्रयोगच आहे. क्रियापद 'अर्ज'प्रमाणे चालतं. अर्जाऐवजी 'पावती' असती तर 'तपासली' झालं असतं. तरी तपासणारा 'आम्ही' वाक्यात ठळक उभा आहे आणि वाक्य स्वच्छ आहे. मराठीत भूतकाळ सांगताना सकर्मक क्रियापद बहुतेकदा कर्मणीतच येतं, आणि त्यात काही वाईट नाही. अडचण आहे ती '-ण्यात येणे' या एका रचनेची.

आता तुमचा उतारा घेऊ. मी प्रत्यक्षात असं करते: पेन्सिल घेऊन '-ण्यात' असलेल्या प्रत्येक शब्दाभोवती गोल काढते. तुमच्या उताऱ्यात असे सात गोल निघतात. मग प्रत्येक गोलासमोर समासात दोन प्रश्न लिहिते, कोण आणि कधी. उत्तर माहीत असेल तर तिथेच लिहिते, नसेल तर जागा कोरी ठेवते. भाषेचं काम त्यानंतर सुरू होतं.

'कळविण्यात येते' समोर कोण? तुमचं कार्यालय. पत्र तुमच्याच कागदावर, तुमच्याच सहीने जातंय, त्यामुळे हे सांगायची गरज नाही. 'उपरोक्त विषयास अनुसरून'पासून 'की'पर्यंत सगळं काढा. वर 'विषय' ही ओळ असतेच, ती तेवढं काम करते.

'छाननी करण्यात आली' समोर कोण? तुम्ही, म्हणजे 'आम्ही'. कधी? झाली. 'जोडण्यात आली नसल्याचे निदर्शनास आले' इथे तीन थर आहेत. पावती नाही, ती नसल्याचं कोणाला तरी दिसलं, आणि ते दिसणंही 'आलं'. अर्जदाराला त्यातली पहिलीच गोष्ट हवी आहे: पावती जोडलेली नाही.

'पूर्तता करण्यात यावी' समोर कोण? अर्जदार. इथे नुसतं कोण कळून भागत नाही, काय तेही हवं. 'त्रुटीची पूर्तता' म्हणजे मिळकतकराच्या पावतीची प्रत आणून देणं. पत्र लिहिणाऱ्याला हे माहीत होतं, पण 'सदर त्रुटी' लिहून त्याने वाचणाऱ्याला मागे जाऊन शोधायला लावलं. तुमच्या खिडकीवरचे बरेच प्रश्न या दोन शब्दांपाशी जन्माला येत असणार. वस्तूचं नाव पुन्हा घ्यायला संकोच करू नका. पावती म्हणजे पावती, ती दोनदा आली तर काही बिघडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. 'पुढील कार्यवाही करणे शक्य होणार नसल्याची नोंद घेण्यात यावी.' इथे कोण आणि काय विचारलं की पेन्सिल थांबते. 15 दिवसांत पावती आली नाही तर नेमकं काय होणार? अर्ज तसाच पडून राहणार आणि विसाव्या दिवशी पावती दिली तरी पुढे सरकणार? की अर्ज बंद होणार आणि सगळी कागदपत्रं घेऊन नव्याने यावं लागणार? भरलेलं शुल्क असेल तर त्याचं काय? मूळ वाक्यातून यातलं काहीच कळत नाही, आणि ते कळत नाही हे लक्षातही येत नाही, कारण वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे. 'करणे शक्य होणार नाही' म्हणताना कोणी काही ठरवलेलं नसलं तरी वाक्य पुरं होतं. 'आम्ही अर्ज बंद करू' लिहायला घेतलं की मात्र आधी ठरवावं लागतं.

माझ्या अनुभवात या कामाचा अर्ध्याहून जास्त वेळ लिहिण्यात जात नाही, टेबलांमागे फिरण्यात जातो. क्रियापदाला कर्ता लागतो, आणि तो फायलीत नसेल तर विचारावा लागतो. कर्ता आपल्या मनाने घालायचा नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या जाहीर सूचनेत 'हरकती स्वीकारण्यात येतील' असं होतं. मी उत्साहाने 'आपल्या हरकती जवळच्या क्षेत्रीय कार्यालयात द्या' असं केलं, कारण इतर सूचनांत तसंच असे. त्या वेळी हरकती फक्त मुख्य कार्यालयात घ्यायच्या होत्या. लोक चुकीच्या ठिकाणी गेले, काहींचा दिवस वाया गेला. मूळ वाक्य धूसर होतं, पण खोटं नव्हतं. माझं वाक्य स्वच्छ होतं आणि चुकीचं होतं. तेव्हापासून कोऱ्या जागेसमोर मी प्रश्नचिन्ह ठेवते आणि विचारल्याशिवाय ते पुसत नाही.

कोण आणि किती दिवसांत, हे शोधायला एक जागा हमखास उपयोगी पडते. तुम्ही देता ती सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित असेल, तर तिच्यासाठी पदनिर्देशित अधिकारी कोण, मुदत किती आणि अपील कोणाकडे करायचं, हे ठरलेलं असतं आणि कार्यालयात फलकावर लावलेलं असतं. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, हेही त्याच कायद्यात आहे. साहेबांशी बोलताना याचा आधार घ्या. 'कार्यवाही शक्य होणार नाही' हे नाकारणं आहे की नाही, हा प्रश्न मग भाषेपुरता राहत नाही.

शेवटचं वाक्य: 'स्थळपाहणी करण्यात येऊन नळजोडणी मंजुरीबाबत निर्णय घेण्यात येईल.' इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी चांगले लिहिणारेही पडताना पाहिले आहेत. 'करण्यात येऊन' सोडवताना हात आपोआप 'जागा पाहून निर्णय घेऊ' असं लिहितो. छान छोटं वाक्य. पण मराठीत '-ऊन' लावलेल्या कामाचा आणि पुढच्या मुख्य कामाचा कर्ता साधारणपणे एकच असतो. 'ती जेवून झोपली' म्हटलं की जेवणारी आणि झोपणारी एकच. 'जागा पाहून निर्णय घेऊ' याचा अर्थ पाहणाराच निर्णय घेणार असा होतो. बहुतेक कार्यालयांत पाहणारा वेगळा असतो आणि सही करणारा वेगळा. अर्जदार मग जागा पाहायला आलेल्या माणसालाच "झालं का मंजूर?" असं विचारत बसतो. '-ऊन' दिसलं की दोन्ही बाजूंचा कर्ता तपासा. तो वेगळा असेल तर '-ल्यावर' किंवा '-ल्यानंतर' वापरा, नाहीतर दोन वाक्यं करा. 'अभियंत्यांनी जागा पाहिल्यावर साहेब ठरवतील' यात दोन कर्ते सुखाने नांदतात.

हे सगळं धरून तुमचं पत्र असं होईल. पावती आली नाही तर अर्ज बंद होतो, आणि पाहणी कनिष्ठ अभियंता करतात, मंजुरी उपअभियंता देतात, असं मी धरलं आहे. तुमच्याकडे वेगळं असेल तर तेवढं बदला.

"नवीन नळजोडासाठी आपण केलेला अर्ज आम्ही तपासला. त्यासोबत चालू आर्थिक वर्षाची मिळकतकराची पावती जोडलेली नाही. या पावतीची प्रत हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत आमच्या कार्यालयात द्यावी. या मुदतीत प्रत मिळाली नाही, तर आम्ही हा अर्ज बंद करू आणि आपल्याला नव्याने अर्ज करावा लागेल. प्रत मिळाल्यावर कनिष्ठ अभियंता जागा पाहायला येतील आणि अहवाल देतील. तो अहवाल पाहून उपअभियंता नळजोड मंजूर करायचा की नाही, हे ठरवतील."

मूळ उतारा 66 शब्दांचा होता, हा 65 शब्दांचा आहे. हे मुद्दाम मोजून सांगते, कारण क्रियापदं मोकळी केली की मजकूर निम्मा होतो असं अनेकांना वाटतं. तसं दर वेळी होत नाही. इथे वाचलेली जागा नव्या माहितीने भरली: अर्ज बंद होईल, पुन्हा करावा लागेल, कोण येणार, कोण ठरवणार. बदल झाला तो वेगात. तीन वाक्यांची सहा झाली आणि प्रत्येक वाक्य एका कामापाशी संपतं. मूळ पहिल्या वाक्यात 'अर्जाची छाननी' वाचल्यावर तिचं काय झालं हे कळायला वाक्याच्या टोकापर्यंत तग धरावा लागत होता. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे वाक्य लांबलं की वाचणारा शेवटपर्यंत सगळं ओझं डोक्यावर घेऊन चालतो, आणि तिथे पोचल्यावर हाती 'येते' लागतं.

या मजकुरातही एक 'येतील' आहे, 'पाहायला येतील'. ते राहू द्या. तिथे माणूस खरोखर येणार आहे.

आता साहेबांचा आक्षेप. मी मुद्दाम 'द्यावी' लिहिलं, 'द्या' लिहिलं नाही. अनेक अधिकाऱ्यांना 'द्या' उद्धट वाटतं, आणि त्यांची भावना अगदीच खोटी नाही. अनोळखी माणसाला पत्रात 'द्या' म्हणताना मलाही क्वचित अडखळायला होतं. पण 'सादर करण्यात यावी' आणि 'द्या' यांच्या मध्ये 'सादर करावी' आणि 'द्यावी' अशा दोन पायऱ्या आहेत, हे लोक विसरतात. 'द्यावी' पूर्ण अदबीचं आहे, कार्यालयीन आहे आणि त्यात क्रियापद जिवंत आहे. साहेबांकडे पहिला मसुदा नेताना एवढाच बदल करून न्या: जिथे 'करण्यात यावी' आहे तिथे 'करावी'. याला हरकत घेतलेली मी फारशी पाहिलेली नाही. महिनाभराने 'सादर करावी'चं 'द्यावी' करा.

मात्र या जागी एक पथ्य कडक पाळा. 'करावी', 'करावी लागेल' आणि 'करू शकता' यांचं वजन वेगवेगळं आहे. 'नोंदणी करण्यात यावी' याचं सोपं रूप म्हणून 'नोंदणी करू शकता' असं केलं, तर बंधन होतं त्याची सवलत झाली. लोक ती सवलत समजतील आणि नंतर दंड झाला की तुमचंच पत्र पुढे करतील. न केल्यास परिणाम होणार असेल तर 'करावी लागेल' किंवा 'करावी, नाहीतर...' असं लिहा. परिणाम नसेल तरच 'करू शकता'. आणि 'ही विनंती' हे शेपूट जिथे खरोखर विनंती आहे तिथेच लावा.

ही कार्यालयीन भाषा नाही, असं साहेब म्हणतात. त्यांना पुण्यातलाच एक दाखला द्या. पेशवे दफ्तरातली मोडीतली पत्रं इथल्या पुराभिलेखागारात आहेत. त्या काळच्या पत्रांची सुरुवात ठरावीक साच्याची असे, पण साचा कसा? 'पत्र पाठविले ते पावले. मजकूर कळला.' पाठवलं, पावलं, कळलं: दोन छोटी वाक्यं, तीन क्रियापदं. पुढे हुकूमही 'पाठवून द्यावे', 'लिहीत जावे' असे. ती राज्यकारभाराचीच भाषा होती, अदबीचीही होती. आजचं 'याद्वारे कळविण्यात येते की' हे त्या परंपरेतून आलेलं वाटत नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 सालचा. कारभार मराठीत आणताना समोर इंग्रजी मसुदे होते, आणि त्यांची बांधणी शब्दांबरोबर मराठीत उतरली, असं माझं मत आहे. 'की' घालून मुख्य मजकूर मागे ढकलण्याची सवय मला त्यातलीच वाटते.

आता काय सोडवायचं नाही ते. सगळी नामं मोडायला निघालात तर पत्र बिघडेल. 'पंचनामा', 'फेरफार', 'मोजणी', 'जप्ती' ही कामांची नावं आहेत, त्यांना कायद्यात आणि व्यवहारात ठरलेला अर्थ आहे. 'जमिनीची मोजणी करू' याचं 'जमीन मोजू' केलं तर वाचणाऱ्याला वाटेल कोणी टेप घेऊन येणार. सरकारी मोजणी, तिची फी, तिचा नकाशा हे त्यात येत नाही. तसंच 'मदत करणे', 'अर्ज करणे', 'सही करणे' ही बोलण्यातली क्रियापदंच आहेत. नाम आणि 'करणे' यांची जोडी दिसली म्हणून ती फोडायची नसते. माझी कसोटी साधी आहे: घरी फोनवर बोलताना तुम्ही कोणता शब्द वापराल? 'मी अर्ज केला' म्हणता, म्हणून तो ठेवा. 'मी पावतीची पूर्तता केली' कोणी म्हणत नाही, म्हणून ते सोडवा.

आणि काही ठिकाणी कर्ता नकोच असतो. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असल्याची सूचना निघते तेव्हा पंप कोण दुरुस्त करणार हे कोणाला जाणून घ्यायचं नसतं. 'दुरुस्तीची कामे करण्यात येणार असल्याने गुरुवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद राहणार असून शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होणार आहे' याच्या जागी 'गुरुवारी दिवसभर पाणी येणार नाही. शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल' एवढं पुरतं. इथे कर्ता पाणी आहे. सोसायटीच्या दारात माणसं एकमेकांना हेच सांगतात.

अर्जदाराची चूक सांगतानाही कर्ता मागे ठेवलेला बरा. 'आपण पावती जोडली नाही' हे खरं असलं तरी आरोपासारखं वाचलं जातं, आणि कधी कधी पावती जोडलेली असते, तुमच्याकडेच गहाळ होते. म्हणून मी 'जोडलेली नाही' लिहिलं. क्रियापद आहे, वस्तुस्थिती आहे, बोट कोणाकडेही नाही. उलट कार्यालयाच्या कामात मात्र 'आम्ही' लपवू नका. 'आपला अर्ज आमच्याकडून गहाळ झाला' लिहायला धाडस लागतं, पण 'अर्ज आढळून येत नसल्याचे निदर्शनास आले' वाचून अर्जदार जो चिडतो तो वाजवीच चिडतो.

संगणकावर तपासायचं असेल तर Ctrl+F दाबून 'ण्यात' शोधा. पुण्यातल्या कागदांत याची एक अडचण आहे: 'पुण्यात' आणि 'पाण्यात' हेही त्यात सापडतात, आणि पाणीपुरवठ्याच्या पत्रात ते भरपूर असतात. म्हणून 'ण्यात ये', 'ण्यात आ' आणि 'ण्यात या' असं तीनदा शोधा. मग 'असल्या' आणि 'नसल्या' शोधा, म्हणजे 'असल्याचे', 'नसल्याची' हे थरही हाती लागतील. सलग तीन 'च्या' आले की तिथेही थांबा. बहुधा एखादं क्रियापद तिथे षष्ठीत अडकलेलं असतं. तुमच्या 'मिळणेबाबतच्या'मध्ये तर 'मिळणे', 'बाबत' आणि 'च्या' एकाच शब्दात आहेत, आणि सोडवल्यावर त्याचं नुसतं 'साठी' झालं.

शेवटची तपासणी माणसावर करा. ज्याला हे काम माहीत नाही अशा कोणाला तरी, शेजारच्या विभागातल्या शिपायाला किंवा घरी कोणाला, पत्र एकदाच वाचायला द्या. 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कागद काढून घ्या आणि विचारा, "आता तुम्ही काय कराल? कधीपर्यंत? नाही केलं तर काय होईल?" तिन्ही उत्तरं न अडखळता आली तर पत्र पाठवा. अडखळले तर ज्या वाक्यापाशी अडखळले तिथे अजून एखादं काम नामात बसलेलं असेल, किंवा एखादी कोरी जागा न विचारता तुम्ही भरली असेल.

तुमच्या नमुन्यात अशी एक कोरी जागा मलाही भरता आली नाही. कनिष्ठ अभियंता जागा पाहायला किती दिवसांत येतील, हे मूळ पत्रात कुठेच नाही. ते त्यांना विचारा, आणि उत्तर मिळालं की 'प्रत मिळाल्यावर' या शब्दांपुढे तेवढे दिवस घाला.